‘बघतो सर’ म्हणजे हो की नाही?

शाळेत आपण मुलांना विनंती-पत्र शिकवतो, तक्रार-पत्र शिकवतो, आभार-पत्रही शिकवतो. पण नकार कसा द्यावा हे कोणत्याच इयत्तेत शिकवलं जात नाही. त्यामुळे मुख्याध्यापक एखादं जादा काम पुढे करतात तेव्हा आपल्या तोंडून दोनच गोष्टी निघतात. एक तर फटकन ‘मीच का?’, नाही तर पडेल आवाजात ‘बघतो सर’.

माझं मत असं की यात ‘बघतो’ जास्त घातक आहे. बोलणाऱ्याच्या मनात ते ‘नाही’ असतं, ऐकणाऱ्याच्या कानात ते ‘हो’ असतं. मुख्याध्यापक निश्चिंत होतात, आपण मनातल्या मनात सुटका करून घेतो आणि शेवटच्या तारखेला काम झालेलं नसतं. मग ‘असहकार करतात’ हा शिक्का बसतो. तो नकारामुळे बसत नाही, तर न दिलेल्या नकारामुळे बसतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, चार वर्गशिक्षकांची जिल्हा परिषद शाळा आहे. पाचवीच्या मॅडमना संगणक चांगला येतो. त्यांनी आपल्या वर्गाची यू-डायस प्लसवरची माहिती भरून टाकली. गुरुवारी दुपारी मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तेवढं तिसरी-चौथीचंही भरून टाका. तुम्हाला येतं ना! सोमवारपर्यंत हवंय.”

इथे मॅडमनी पहिल्यांदा करायची गोष्ट म्हणजे हिशोब. तिसरी-चौथीचे मिळून 61 विद्यार्थी आहेत. साइट नीट चालली आणि एका विद्यार्थ्याला सहा मिनिटं धरली, तरी 366 मिनिटं होतात, म्हणजे सहा तास. ‘तेवढं’ या शब्दात हे सहा तास लपलेले असतात. सांगणाऱ्याने ते लपवलेले नसतात, त्याने मोजलेलेच नसतात. म्हणून नकाराचा पाया ‘माझ्याकडे वेळ नाही’ हा नसावा, कारण वेळ कोणाकडेच नसतो. पाया हा आकडा असावा.

दुसरी गोष्ट, या कामात खरी अडचण कुठे येते ते सांगायचं. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, जन्मतारखेत फरक असतो, आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. अशा वेळी पालकांना फोन करून खात्री करावी लागते आणि ते वर्गशिक्षकच पटकन करू शकतात. म्हणजे काम दुसऱ्याकडे राहण्यात आपली सोय आहेच, पण माहिती अचूक राहणं हीसुद्धा त्यातली मोठी गोष्ट आहे.

आता मॅडमचं उत्तर असं होईल:

“सर, दोन्ही वर्गांचे मिळून 61 विद्यार्थी आहेत, म्हणजे सहा तासांचं काम आहे. सोमवारपर्यंत माझ्याकडून ते पूर्ण होणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. नावं जुळली नाहीत तर पालकांना फोनही वर्गशिक्षकांनाच करावे लागतील. शनिवारी शाळा सुटल्यावर मी दोघांनाही पाऊण तास बसून दाखवते. पहिली पाच-पाच नावं माझ्यासमोर भरू, मग त्यांना जमेल.”

यात काम किती आहे ते आलं, स्पष्ट ‘नाही’ आलं, कामाच्या बाजूचं कारण आलं आणि शेवटी मर्यादित मदत आली. ‘मर्यादित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘काही लागलं तर सांगा’ असं मोघम म्हटलं, तर रविवारी रात्री पूर्ण यादी आपल्याच मोबाइलवर येते. पाऊण तास आणि पाच नावं म्हटलं की मदतीला कुंपण पडतं. आणि जेवढी मदत बोललो तेवढी मात्र केलीच पाहिजे.

क्रियापदातच सूर असतो

वरच्या उत्तरात ‘माझ्याकडून होणार नाही’ असं म्हटलंय, ‘मी करणार नाही’ असं नाही. आपण व्याकरण शिकवणारी माणसं आहोत, तेव्हा हा फरक बारकाईने पाहू.

‘मी करणार नाही’ यात इच्छा बोलते. काम करता येतं, पण करायचं नाही, असा अर्थ ऐकणारा काढतो. ‘मला जमणार नाही’ यात अडचण माझी होते, पण लगेच उलट प्रश्न येतो, ‘का नाही जमणार?’ ‘सोमवारपर्यंत माझ्याकडून होणार नाही’ यात नकार कामाला आणि मुदतीला चिकटतो, माणसाला नाही. त्यामुळे पुढचं बोलणं मुदतीवर किंवा वाटणीवर जातं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

‘च’ हे एक अक्षरी अव्ययसुद्धा सांभाळा. ‘हे काम मला का?’ हा प्रश्न आहे, ‘हे काम मलाच का?’ हा आरोप आहे. ‘नेहमी’चंही तसंच. ‘नेहमी मलाच सांगता’ म्हटलं की मुख्याध्यापक मागच्या वर्षभराचा हिशोब मांडायला बसतात आणि आजचं काम बाजूला राहतं. मागची कामं खरोखर सांगायची असतील, तर मोजून सांगा: “या महिन्यात पोषण आहाराची नोंद आणि सहलीची कागदपत्रं माझ्याकडे आहेत.”

‘तुम्ही’ की ‘आपण’ हेही प्रसंग पाहून ठरवा. रोज सोबत डबा खाणाऱ्या सरांना अचानक ‘आपण सांगितलेलं काम’ म्हटलं, तर तो आदर वाटत नाही, टोमणा वाटतो. बोलताना ‘तुम्ही’, पत्रात ‘आपण’ हे बहुतेक ठिकाणी शोभतं.

आणखी एक, माफीचा मारा नको. ‘सॉरी सर, खरंच सॉरी, रागावू नका हं’ असं म्हटलं की आपण काही गुन्हा करतोय असं समोरच्यालाही वाटू लागतं.

‘घरी बसून होईल की!’

पहिल्या नकारावर विषय संपत नाही. सर म्हणतील, “एवढं काय मॅडम, घरी बसून होईल.” इथे बहुतेक जण नवीन कारण शोधतात: घरी नेट नाही, सासूबाई आजारी आहेत, मुलाची परीक्षा आहे. प्रत्येक कारणाला तोडगा निघतो आणि शेवटी आपल्याकडची कारणं संपतात. शिवाय पहिलं कारण खोटं होतं की काय, अशी शंका येते. नवीन कारण देऊ नका. तेच कारण शांतपणे पुन्हा सांगा आणि निवड त्यांच्या हाती द्या:

“घरूनही सहाच तास लागतील, सर. माझ्याकडे चाचणीच्या उत्तरपत्रिका सोमवारपर्यंत तपासायच्या आहेत. दोन्ही होणार नाही. आधी कोणतं करू ते तुम्ही सांगा, त्याप्रमाणे करते.”

हे वाक्य शिक्षणसेवकांना विशेष उपयोगी आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणाऱ्याला थेट ‘नाही’ महागात पडू शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रम विचारणं हा नकार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ‘उत्तरपत्रिका राहू द्या’, तर काम करा. फक्त उत्तरपत्रिका उशिरा येणार, हे त्यांच्या संमतीने ठरलेलं असतं.

ग्रुपवर काय लिहायचं?

केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासह काम पडलं, तर ग्रुपवर नकार देऊ नका. चाळीस जणांसमोर मिळालेला नकार कोणत्याही केंद्रप्रमुखाला मागे घेता येत नाही आणि पचवताही येत नाही. पण सवयीने अंगठाही टाकू नका, कारण तो ‘हो’ म्हणूनच वाचला जातो. ग्रुपवर एवढंच लिहा: “संदेश पाहिला, सर. याबाबत आपल्याशी बोलते.” मग त्याच दिवशी फोन करा. बोलणं झाल्यावर दोन ओळी पाठवून ठेवा: “आत्ता बोलल्याप्रमाणे, तिसरी-चौथीची माहिती वर्गशिक्षक भरतील. मी शनिवारी त्यांना दाखवते.”

‘लेखी द्या’ हे शब्द मात्र जपून वापरा. त्यात भांडणाचा वास येतो. “तेवढं पत्र पाठवाल का, म्हणजे तारीख चुकणार नाही,” असं म्हटलं तरी कागद मिळतोच.

जिथे नकार चालत नाही

काही कामांना नकार देताच येत नाही, हेही माहीत हवं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, पण त्याला तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ किंवा संसदेच्या निवडणुकांशी संबंधित काम. मतदार याद्यांच्या कामात विनाकारण कसूर करणं हा कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा बीएलओचा आदेश आला की वर सांगितलेली वाक्यं वापरू नका.

तिथे वेळेबद्दल मात्र बोलता येतं. निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलं की ही कामं सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत, अध्यापनाच्या वेळेत सामान्यतः देऊ नयेत. म्हणून पत्राचा सूर असा ठेवा: “आदेशानुसार काम करण्यास मी तयार आहे. शाळेच्या वेळेत वर्ग शिक्षकाविना राहत असल्याने हे काम शाळा सुटल्यानंतर व सुट्टीच्या दिवशी करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.” आधी होकार, मग विनंती, हा क्रम उलटा करू नका.

यू-डायसचं काम या अपवादांत बसत नाही, ते शाळेचंच काम आहे. म्हणून तिथे कलम 27 पुढे करू नका. ते कोणीतरी करायलाच हवं, प्रश्न फक्त वाटणीचा आहे. जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्याकडेच काम साचत जातं, आणि बाकीचे ते कधीच शिकत नाहीत. पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली, की त्या शाळेत माहिती भरणारं कोणी उरत नाही. आणि मधल्या काळात ते सहा तास कुठून येतात? बहुतेक वेळा पाचवीच्या वर्गातून. मॅडम मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असतात. त्या मुलांच्या वतीने नाही म्हणायला दुसरं कोणी येत नाही, ते मॅडमनाच म्हणावं लागतं.