रिकामा रकाना आणि खरी उणीव

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी लाल कापडी बांधणीची वही आजही पाटावर ठेवून पूजिली जाते. दुसऱ्या दिवसापासून उधारीची नोंद मात्र अनेक पेढ्यांवर मोबाइलमध्ये होते. अशा घरातील संगणकशास्त्र शिकलेल्या मुलाला मग सहजच वाटू लागते की, बाजारात मिळणारी ॲप्स आपल्या धंद्याला पुरेशी पडत नाहीत, तेव्हा आपणच एक तयार करावे. इच्छा चुकीची नसते. चूक होते ती पहिल्या पावलात. काय काय हवे याची लांबलचक यादी आधी तयार होते आणि बाजारात काय आहे, याची तपासणी नंतर, तीही यादीचे समर्थन शोधण्यापुरती होते.

उदाहरणादाखल सांगलीच्या बाजारपेठेतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. डाळी, साखर, गूळ यांचा माल मिरज आणि तासगाव तालुक्यांतील दुकानदारांना उधारीवर जातो. वसुलीला एक माणूस दर आठवड्याला गावोगाव फिरतो, आणि दिवाणजी संध्याकाळी सारे टॅलीत चढवतात. धाकट्या मुलाने उधारीच्या ॲपसाठी ३४ कलमांची यादी तयार केली. बाहेरच्या कारागिरांकडून काम करून घेण्याचा खर्च सहा लाख सांगितला गेला, आणि ती रक्कम वडिलांच्या मुदत ठेवीतून यायची होती. यादी वाचून वडील एवढेच म्हणाले, “ह्यातलं बाजारात आधीच काय मिळतं, ते मला दाखव. मग ठेव मोडू.”

मुलाने चार रकान्यांचा तक्ता आखला. उधारीवहीच्या प्रकारातील खाताबुक आणि ओकेक्रेडिट, बिले आणि मालसाठा सांभाळणाऱ्या प्रकारातील व्यापार आणि मायबिलबुक, तिसरी टॅली, आणि चौथ्या रकान्यात वडिलांच्या आग्रहावरून वसुलीच्या माणसाची खिशातील डायरी. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. ग्राहक नवे ॲप घेतो तेव्हा तो पुष्कळदा जुने ॲप सोडत नसतो, डायरी सोडत असतो. म्हणून खरा प्रतिस्पर्धी तीच असते.

आरंभी तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा खुणा भरल्या गेल्या. हा मार्ग फसवा असतो, कारण जाहिरातीच्या पानावर प्रत्येक जण सर्व काही देतो. ‘वसुलीची नोंद’ हे शब्द चारही ठिकाणी लागू पडले. मग फरक कुठे? तो शोधण्यासाठी एकच खरा व्यवहार घेऊन तो सर्व ठिकाणी जसाच्या तसा करून पाहावा लागतो. घरच्या वहीतून असा एक व्यवहार निवडला गेला.

एका दुकानदाराकडे तीन बिले येणे होती : ४ तारखेचे १२,४०० रुपयांचे, ११ तारखेचे ८,६५० रुपयांचे आणि १८ तारखेचे १५,२०० रुपयांचे, एकूण ३६,२५०. वसुलीच्या दिवशी दुकानदाराने दुसऱ्या बिलातील १,०४० रुपयांचा भिजलेला माल परत केला. पहिली दोन बिले मिळून मग २०,०१० रुपये झाले. वरचे दहा रुपये कसर म्हणून सोडले गेले. दुकानदाराने १२,००० रोख आणि ८,००० यूपीआयने दिले. त्याच्या हिशेबी दोन बिले पूर्ण मिटली आणि बाकी १५,२०० उरली.

उधारीवहीच्या प्रकारात ‘दिले’ आणि ‘मिळाले’ अशी सरळ नोंद असते. २०,००० मिळाल्याची नोंद केली की बाकी १६,२५० दिसते. दुकानदार १५,२०० म्हणतो, मोबाइल १६,२५० म्हणतो. १,०५० रुपयांचा वाद पुढच्या आठवड्यात गल्ल्यासमोर उभा राहतो. तो टाळण्यासाठी परत आलेला माल आणि कसर याही रकमा ‘मिळाले’ म्हणून लिहिल्या, तर बाकी जुळते खरी, पण दिवसाची जमा २१,०५० दिसते आणि हाती असतात २०,०००. वसुलीच्या माणसाकडे विनाकारण संशयाने पाहिले जाते. शिवाय कोणते बिल मिटले हे कळतच नाही, आणि सर्वांत जुने येणे किती दिवसांचे हा धंद्यातला कळीचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

बिलांच्या प्रकारात हे सारे नीट बसवता येते. परत मालाची क्रेडिट नोट, रक्कम बिलाला जोडणे, सूट हे सर्व आहे. परंतु एका वसुलीसाठी तीन वेगवेगळ्या पडद्यांवर जावे लागते. दुकानदार उभा, गिऱ्हाइकांची गर्दी, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी वसुलीचा माणूस हे करीत नाही; तो डायरी काढतो. टॅलीत बिलवार जुळणी उत्तम होते, पण ती संध्याकाळी, पेढीवर, दिवाणजींच्या हातून. तोवर ‘कोणत्या बिलापोटी’ हा तपशील अर्धा स्मरणावर असतो.

या एका व्यवहाराने जे दाखवले, ते ३४ ओळींच्या खुणांनी दाखवले नव्हते. पडदे किती लागले, रेंज बंद केल्यावर काय झाले, दोन मोबाइलवरून एकाच खात्यात नोंद केल्यावर कोणती टिकली, हे प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवले गेले. सोबत ॲपच्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीखही, कारण ॲप्स वरचेवर बदलतात आणि तीन महिन्यांपूर्वीचा तक्ता जुन्या बाजारभावाइतकाच निरुपयोगी असतो.

त्यानंतर प्ले स्टोअरवरील अभिप्राय वाचले गेले. येथेही एक रीत आहे. पाच तारे देणारे बहुधा एका शब्दात लिहितात आणि एक तारा देणाऱ्यांचा राग पुष्कळदा लॉगइन किंवा अडकलेल्या पैशांचा असतो. दोन आणि तीन तारे देणारा मनुष्य ॲप वापरतो, त्याला ते हवे असते आणि काय अडते ते तो सांगतो. म्हणून तेच अभिप्राय, नव्यापासून जुन्याकडे, वाचावेत आणि प्रत्येक तक्रार एका वाक्यात उतरवून मोजावी. डाउनलोडच्या आकड्याने मात्र भुलू नये. तो आजवर किती वेळा उतरवले गेले ते सांगतो, आज किती जण वापरतात ते नव्हे. आणि जे मुकाट्याने सोडून गेले, त्यांचा आवाज अभिप्रायांत क्वचितच ऐकू येतो.

तक्त्यात आता काही रकाने सर्वांपुढे रिकामे दिसू लागले. मुलाला प्रत्येक रिकामा रकाना ही संधी वाटली. ती तशी नसते. रकाना रिकामा राहण्याची कारणे निरनिराळी असतात. कधी ती गोष्ट कोणाला नकोच असते. कधी नियम आड येतो : तगाद्याचा एसएमएस ॲपच्या यंत्रणेतून प्रत्येक पेढीच्या स्वतःच्या नावाने जावा, ही मागणी आकर्षक वाटते, पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. लहान पेढ्यांकडून एकेक नोंदणी करून घेणे हा खर्चाचा आणि वेळेचा मामला आहे. कधी गोष्ट हवी असते, पण लाखो छोट्या दुकानदारांसाठी बनवलेल्या मोठ्या ॲपला थोड्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी आपला साधेपणा मोडणे परवडत नाही. केवळ या शेवटच्या कारणाने रिकामा राहिलेला रकाना नव्या माणसाच्या उपयोगाचा असतो.

हे कारण कोणते, ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे : त्या उणिवेवर लोक आज पदरचे श्रम किंवा पैसे खर्च करीत आहेत काय? मुलाने आठ घाऊक व्यापाऱ्यांना गाठले. “असे ॲप आले तर घ्याल का?” हा प्रश्न त्याने विचारला नाही, कारण बाजारपेठेत ओळखीच्या घरातील मुलाला कोणी नाही म्हणत नाही. त्याने विचारले, “काका, मागच्या गुरुवारची वसुली कशी लिहिली, तो कागद दाखवता?” पाच जणांनी चिठ्ठ्या काढल्या; त्यांवर बिलांचे क्रमांक, परत माल आणि कसर असे सारे हाताने लिहिलेले होते. दोघांकडे दिवाणजी रोज तासभर त्या चिठ्ठ्या टॅलीत उतरवत बसतात. उणीव खरी होती.

आठव्या व्यापाऱ्याने मात्र वेगळेच दाखवले. त्याच्याकडे एका मोठ्या कंपनीची वितरणाची एजन्सी होती, आणि कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या मोबाइलमध्ये बिलवार वसुली दुकानातच, रेंज नसतानाही होत होती. म्हणजे जे कुठेच नाही असे वाटत होते, ते दुसऱ्या फळीवर होते. मुलाने प्रकार ‘उधारीची ॲप्स’ असा ठरवला होता, म्हणून कंपन्यांच्या वितरकांसाठीची ॲप्स तक्त्यात आलीच नव्हती. प्रकार ॲपच्या नावावरून न ठरवता कामावरून ठरवायला हवा होता. तक्त्यात पाचवा रकाना जोडला गेला आणि तोच व्यवहार पुन्हा तपासला गेला. ती व्यवस्था काम चोख करीत होती. पण तिची मांडणी कंपनीसाठी होती. कंपनी नसलेला, एक-दोन वसुलीची माणसे असलेला घाऊक व्यापारी तिच्या विचारातच नव्हता.

उणीव त्यामुळे लहान झाली, पण स्पष्ट झाली. ३४ कलमांच्या यादीऐवजी आता एक पान लिहिले गेले. कोणासाठी : कंपनीची एजन्सी नसलेल्या, टॅली वापरणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याच्या वसुलीच्या माणसासाठी. केव्हा : दुकानदारासमोर, रेंज नसताना. काय : रोख, यूपीआय, परत माल आणि कसर एकाच पडद्यावर बिलांना जोडून, दुकानदाराला उरलेली बाकी तिथेच दाखवणे आणि संध्याकाळी तो तपशील टॅलीत आयात करता येईल अशा स्वरूपात देणे. नवी खातेवही नव्हे. दुकान आणि दिवाणजी यांच्यामधली चिठ्ठी एवढेच. खाली एक ओळ वडिलांच्या सांगण्यावरून लिहिली गेली : चिठ्ठ्या दाखवणाऱ्या पाचांपैकी तीन जण आगाऊ पैसे देऊन महिनाभर वापरायला तयार झाले नाहीत, तर काम पुढे न्यायचे नाही.

गरजांचे सविस्तर टिपण अजून लिहिले गेलेले नाही. ठेवही मोडलेली नाही. पाचांपैकी दोघांनी पैसे दिले आहेत. तिसऱ्याने दिवाणजींना विचारून सांगतो म्हटले आहे.