पाठशाळेतील गांडूळ, शाळेतील गांडूळ

अंधेरीच्या पाठशाळेत प्रतिक्रमणसूत्रांनंतर विद्यार्थी शांतिसूरिरचित ‘जीवविचार’ प्रकरणाच्या 51 गाथांकडे वळतो. तेथे शंख, गांडूळ व जळू हे तिन्ही द्वींद्रिय जीव होत. शाळेतील विज्ञान मात्र शंखास मृदुकाय संघात आणि गांडूळ व जळू यांस वलयी संघात ठेवते. कोणते खरे, असा संभ्रम येथे उद्भवतो. वस्तुतः प्रश्नच भिन्न आहेत. पाठशाळा इंद्रिये मोजते, कारण जयणा पाळताना जीव ओळखावा लागतो. शाळा शरीररचना पाहते. हा भेद गाथेच्या अर्थासोबतच सांगितला, तर दोन्ही उत्तरे आपापल्या जागी राहतात. नुसते पाठांतर झाले, तर वार्षिक परीक्षेच्या सुट्टीनंतर गाथा उरते आणि अर्थ हरवतो. म्हणून त्या महिन्यांत नवी गाथा न देता जुन्यांची अर्थासह उजळणी घ्यावी.