वाडा, करिश्मा आणि घटना

उमरखेडच्या गावांत पाटीलकी पूर्वी बापाकडून लेकाकडे यायची. मॅक्स वेबरच्या भाषेत ही पारंपरिक सत्ता. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने वारसाहक्क संपला. आता पोलीस पाटील होण्यासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. ही झाली कायद्याची सत्ता. तिसरी, करिश्म्याची, महाराष्ट्राने बाळासाहेब ठाकरेंमध्ये पाहिली. त्यांचा शब्द हाच नियम होता, पण असा शब्द वारशात देता येत नाही. २०१२ मध्ये ते गेले, उद्धव पक्षप्रमुख झाले, म्हणजे करिश्म्याची जागा घराण्याने घेतली. शिवसेनेतील २०२२ च्या फुटीनंतर निवडणूक आयोगाने मात्र घराणे पाहिले नाही. पक्षाच्या घटनेतले २०१८ चे बदल आयोगाच्या दप्तरी नव्हते. मग त्याने ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार मोजले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. मला यात खरी चूक दिसते ती आधीची: पक्ष भरात असताना अंतर्गत निवडणुका आणि घटनेची नोंद या गोष्टी दुय्यम ठरल्या. वाद आयोगापुढे गेला तेव्हा निष्ठेचा पुरावा मागितला गेला, तो कागदावर.