सोयीच्या वेळा... पण कुणाच्या सोयीच्या?



लोणावळ्याच्या बाजारात, कामशेतच्या नाक्यावर, तळेगावच्या रिक्षा स्टँडवर हल्ली एक पाटी हमखास दिसते. 'महिला पाहिजेत. सोयीच्या वेळा.' माझं या पाटीशी भांडण आहे. घरात आजारी आईवडील असलेल्या बाईसाठी यातला दुसरा शब्द पहिल्यापेक्षा महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी खोटा निघतो.

माझी एक माजी विद्यार्थिनी आहे, बी.कॉम. झालेली, वय पंचेचाळीसच्या पुढे. राहते कामशेतला. वडील पक्षाघाताने अंथरुणावर आणि आईला मधुमेह. आईला इन्सुलिन दोनदा, सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी. वडिलांना साडेबाराला भरवायचं आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. शेजारच्या मावशी दोन तास बसतात, त्याहून जास्त नाही. भाऊ पुण्यात आहे. तो पैसे पाठवतो आणि फोनवर सांगतो, "ताई, घरबसल्या काहीतरी बघ ना." (हे वाचणाऱ्या आमच्या नात्यातल्या भाऊरायांनी स्वतःवर ओढवून घेतलं तरी चालेल!)

तिने गेल्या वर्षी तीन ठिकाणी प्रयत्न केला. पहिलं काम लोणावळ्याच्या एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात. वेळा लवचीक, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात उद्याची पाळी आज रात्री नऊला मोबाईलवर यायची. शनिवार-रविवार सुट्टी नाही, पावसाळ्यात तर नाहीच. म्हणजे वेळा लवचीक होत्या हे खरंच, पण वाकवणारा हात मालकाचा! दुसरं काम एका दुकानात पाकिटं भरण्याचं, नगावर मजुरी. तिथे कधीही या म्हणाले, पण मालाची निकड गर्दीच्या दिवशीच असते. मंगळवारी गेलं तर काम नाही, शनिवारी नाही गेलं तर पुढच्या आठवड्यात बोलावणं नाही.

यातून माझ्या लक्षात आलेली गोष्ट साधी आहे. ज्या कामात गिऱ्हाईक समोर उभं असतं, तिथे लवचीकता देणं चांगल्या मालकालाही जड जातं. दुपारी बारा वाजता खोली मागणाऱ्या पाहुण्याला "आमच्या ताई वडिलांना भरवायला गेल्यात" असं सांगता येत नाही. याउलट ज्या कामाला तारीख असते पण घड्याळ नसतं, तिथे जागा सापडते. तिसरं काम तिला तळेगावच्या एका कर सल्लागाराकडे मिळालं. व्यापाऱ्यांच्या बिलांच्या नोंदी करायच्या. दरमहा विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३-बी २० तारखेपर्यंत जायला हवं. म्हणजे ओढाताणीचे दिवस आधीच ठाऊक. त्या दिवसांत मावशींना जास्त वेळ बसवायचं आणि एरवी बिलं घरी आणून रात्री नोंदी करायच्या. आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला खरं तर हवी असते ती आधी ठाऊक असलेली वेळ. रोज बदलणारी वेळ तिच्या काय कामाची?

आता खरं-खोटं ओळखायचं कसं? मी तिला चार गोष्टी करायला लावल्या, त्याच इथे देते.

एक. मुलाखतीत 'वेळा सोयीच्या आहेत ना?' असं विचारू नये, 'हो' हेच उत्तर मिळतं. विचारावं, "गेल्या महिन्यात मधेच घरी कोण गेलं आणि त्यांचं काम कुणी केलं?" खरं असेल तर माणूस आणि व्यवस्था दोन्ही सांगता येतात. "आमच्याकडे सगळं घरच्यासारखं असतं" एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून उठावं.

दोन. शब्द मालक देतो, पण रजा देणारा वेगळाच असतो, म्हणजे पर्यवेक्षक किंवा मॅनेजर. त्याला वेगळं भेटून तोच प्रश्न विचारावा. शक्य तर तिथे काम करणाऱ्या एखादीला सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर गाठावं.

तीन. पैसे कसे कापणार ते आकड्यात विचारावं. समजा पगार १२,००० रुपये, दिवस २६, तास ८. तासाचे साधारण ५८ रुपये झाले. दोन तास लवकर गेलं तर ११५ कापणं न्याय्य. पण अनेक ठिकाणी अर्धा दिवस, म्हणजे २३१ कापतात. महिन्यात चार वेळा असं झालं तर ४६२ ऐवजी ९२३ रुपये जातात. याला सवलत म्हणत नाहीत, दंड म्हणतात.

चार. ठरलेल्या वेळा, सुट्टीचा वार आणि कापण्याचा हिशेब त्याच दिवशी मालकाला मोबाईलवर लिहून पाठवावा आणि 'बरोबर' एवढं उत्तर मागावं. मग पहिल्या तीन आठवड्यांत, घरी काही अडचण नसताना, कामाच्या दिवशी एकदा लवकर सुटी मागून पाहावी. आईला दवाखान्यात न्यायची वेळ येईपर्यंत थांबलं तर परीक्षा फार महाग पडते.

'कायदा आहे की!' असं कुणी म्हणेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, पण छोटी दुकानं त्यातून सुटलेली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेला बदल काय होता? दिवसाचे तास ९ वरून १० आणि कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवर! दुसरीकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना सांगतो की आईवडिलांना सांभाळा. सांभाळायला वेळ कुठून आणायचा, याबद्दल तो गप्प. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आपल्या ३० दिवसांच्या अर्जित रजेतून आईवडिलांची काळजी घेता येते, असं सरकारने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितलं. चांगलंच आहे. पण कामशेतची बाई केंद्र सरकारची नोकर नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून घरच्या आजाऱ्यासाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजा हा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे. बिनपगारी का असेना, पण हक्क! मेहेरबानी नव्हे.

मालकांचीही बाजू आहे, मी नाकारत नाही. तीन माणसांच्या दुकानात एक मधेच गेला की दोघांवर भार येतो. मग सरळ सांगा ना की जमणार नाही! प्रामाणिक 'नाही'ने कुणाचा महिना वाया जात नाही. खोट्या 'हो'ने बाई आधीचं लहानसं काम सोडते, मावशींचे पैसे वाढवते आणि सहा आठवड्यांनी घरी बसते. वर "हल्लीच्या बायकांना काम नको" हे ऐकून घेते.

म्हणून माझी मागणी एवढीच, की पाटीवर 'सोयीच्या वेळा' लिहिणाऱ्याने खाली तीन ओळी आणखी लिहाव्यात: पाळी किती दिवस आधी कळेल, महिन्यात किती वेळा मधेच जाता येईल आणि त्याचे किती पैसे कापले जातील. रंगाचा खर्च फारसा वाढणार नाही. आणि या तीन ओळी लिहायची तयारी नसेल, तर ती वरची ओळ पुसून टाकावी.