नुसता फोटो आला, प्रश्न कुठे आहे?



हल्ली स्थळ आलं की बायोडाटाच्या आधी पत्रिकेचा फोटो येतो. वर नाव नाही, खाली एक ओळ नाही. छापील कागद टेबलावर ठेवून काढलेला, एक कडा कापलेली. ज्याला येतो तो आपल्या घरच्या ग्रुपवर ढकलतो आणि मग सगळ्यांना वाटतं की आपल्याला काहीतरी विचारलंय. माझं मत असं की अशा फोटोला उत्तर देण्याआधी फोन करावा. पत्रिकेत काय आहे ते पाच मिनिटांत कळतं. पाठवणाऱ्याला काय हवंय ते मात्र कागदावर छापलेलं नसतं.

गेल्या महिन्यातलीच गोष्ट सांगते. आमच्या सांगलीच्या एका वन्संनी मुलीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका ग्रुपवर टाकली. मुलगा बेळगावकडचा, कागद कन्नडमध्ये छापलेला. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या घरांना हे नवीन नाही, निम्मी सोयरीक तिकडचीच. पण तिकडची कुंडली आपल्यासारखी दिसत नाही. आपल्याकडे चौकोनात तिरक्या रेघा मारून बारा घरं पाडतात. तिकडे कडेने बारा चौकोन असतात आणि मधली जागा रिकामी, तिथे नाव किंवा नुसतं ‘राशी’ असं लिहिलेलं.

एका भाचीने लगेच मांडणी समजावली, आणि बरोबर समजावली. आपल्या कुंडलीत वरचं मधलं घर नेहमी लग्नाचं, म्हणजे पहिलं स्थान. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट मोजत जायचं. घरात छापलेला आकडा राशीचा असतो. तिकडच्या पत्रिकेत राशींच्या जागा ठरलेल्या असतात, म्हणून आकडे लिहीतच नाहीत. वरच्या ओळीत डावीकडून मीन, मेष, वृषभ, मिथुन, मग उजव्या बाजूने खाली कर्क, सिंह आणि कोपऱ्यात कन्या. तळाच्या ओळीत उजवीकडून डावीकडे तूळ, वृश्चिक, कोपऱ्यात धनू, आणि डाव्या बाजूने वर मकर, कुंभ. ज्या चौकोनात ‘ल’ लिहिलंय किंवा तिरकी रेघ मारलीय ते लग्न, तिथून घड्याळाच्या दिशेने मोजायचं. या मुलाचा ‘ल’ वर उजव्या कोपऱ्यात, म्हणजे मिथुन लग्न.

भाचीने ती पत्रिका आपल्या पद्धतीने काढूनही पाठवली. वर ३, डावीकडच्या घरात ४ आणि त्यात मंगळ. झालं! एका काकूंनी लिहिलं, “चौथा मंगळ आहे हो.” तो ४ म्हणजे कर्क रास. मिथुन लग्नाला कर्क दुसरं स्थान. आकड्याला स्थान समजण्याची ही चूक इतकी सर्रास होते की किती स्थळं त्यापायी परत गेली असतील कोण जाणे.

दुसऱ्या एकीने शब्दांचे अर्थ लावायला घेतले. तिला कन्नड अक्षरं ओळखता येतात. ‘र’ रवी, ‘चं’ चंद्र, ‘गु’ गुरू, इथपर्यंत ठीक. मकरेच्या चौकोनात ‘मां’ होतं, ते तिने मंगळ म्हणून वाचलं. मिथुनापासून मकर आठवी, म्हणून “आठवा मंगळ”, आणि पुढे हात जोडल्याचं चित्र. माझं माहेर निपाणीचं, त्यामुळे हे मला कळतं. कन्नड पत्रिकेत मंगळाला ‘कुज’ म्हणतात, छापताना ‘कु’. कु म्हणजे पृथ्वी, तिचा मुलगा तो कुज, आपण भौम म्हणतो तसं. ‘मां’ म्हणजे मांदी. तो ग्रह नाही, दिवसमानावरून काढलेला एक बिंदू आहे, आणि आपल्याकडच्या पत्रिकेत तो बहुधा छापतच नाहीत. ‘कु’ कर्केतच होता.

एका दुपारात एकाच मुलाला चौथा मंगळ लागला आणि आठवाही. वन्संनी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

मी फोन केला. “वन्सं, तुम्हाला नेमकं काय बघायचंय?” तर त्या म्हणाल्या, “अगं, जन्मवेळ ६.१० दिसतेय, पण पुढचं कापलं गेलंय. सकाळ की संध्याकाळ तेच कळेना. गुण जुळवायला द्यायची कशी?”

एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्याच फोटोत होतं. सूर्योदयाला जन्मलेल्याचा रवी लग्नातच किंवा त्याच्या अगदी जवळ असतो, कारण लग्न म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. सूर्यास्ताला तो बरोबर समोर, सातव्यात जातो. भर दुपारी दहाव्याच्या आसपास, मध्यरात्री चौथ्याच्या. या मुलाचा ‘र’ तळाच्या डाव्या कोपऱ्यात, धनूत. ‘ल’ वरच्या उजव्या कोपऱ्यात. समोरासमोर, म्हणजे जन्म दिवेलागणीचा. रवी धनूत साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी असतो, आणि त्या दिवसांत आपल्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा ६.१० अगदी जुळतं. पहाटेचं ६.१० असतं तर लग्न वृश्चिक किंवा धनू आलं असतं. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळवाव्यात तसं हे आहे. यावरून मिनिटं कळत नाहीत, सकाळ-संध्याकाळ मात्र कळते. मिनिटांसाठी मूळ कागदच मागवायला हवा. लग्न साधारण दोन तासांनी रास बदलतं, त्यामुळे राशीच्या काठावरचा जन्म असला तर पाच-दहा मिनिटांनीही सगळी स्थानं एक घर सरकतात.

मग मंगळाचं काय? आपल्याकडे लग्नापासून १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानांतला मंगळ धरतात. दुसरा धरत नाहीत, म्हणून आपल्या हिशेबाने मुलाला मंगळ नाही. तिकडचे अनेक ज्योतिषी कुजदोषात दुसरं स्थानही मोजतात. तोच ग्रह, तीच जागा. सांगलीत निर्दोष असलेला मुलगा बेळगावात सदोष ठरू शकतो. मंगळ मानावा की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण मानणारच असाल, तर समोरचे कोणती स्थानं मोजतात हे त्यांनाच विचारायला हवं. फोटोकडे कितीही वेळ बघून ते कळणार नाही.

वन्संनी मुलाच्या आईला फोन लावला. वेळ संध्याकाळचीच निघाली. त्यांचे ज्योतिषी दुसरं स्थान मोजतात, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. मग म्हणाल्या, “आम्ही आमची पाठवून आठ दिवस झाले. तुमच्या मुलीची कधी पाठवताय?”

तो फोटो समजावून घ्यायला आलाच नव्हता. आमची पाठवली, आता तुमची पाठवा, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि इकडे आठ दिवस त्याचं वाचन चाललं होतं! मुलाच्या आईला वाटत होतं की मुलीकडच्यांना स्थळ पसंत नाही.

त्याच संध्याकाळी वन्संनी मुलीची पत्रिका पाठवली. कागदाच्या चारही कडा फोटोत येतील असं बघितलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या: जन्मतारीख, वेळ सकाळी ९.४०, गाव सांगली, आकडे राशींचे आहेत, वरचं मधलं घर लग्नाचं, आणि तुमच्या पद्धतीने कुज बघून कळवा.