मसाल्याचा धंदा वाढवायचा, पण कोणत्या खान्यात?

मिरची, हळद, धणे दळून पाकिटे भरणारा मावळातला छोटा कारखानदार चार-पाच वर्षे बाजारात टिकला की त्याला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, हॉटेलांना माल घाल. दुसरा म्हणतो, कांदा-लसूण मसाला काढ. तिसरा थेट दुबईची वाट दाखवतो. व्यापारी बांधव हे तिन्ही सल्ले एकाच तराजूत तोलतात आणि ज्यात नफ्याचा आकडा मोठा दिसतो तिकडे वळतात. आमच्या मते ही रीत तोट्याची आहे. आधी पाहायचे ते नफ्याकडे नव्हे, तर या पावलात आपल्याला अनोळखी अशा किती गोष्टी आहेत याकडे.

इगोर अ‍ॅन्सॉफ या अभ्यासकाने १९५७ साली अमेरिकेत हा हिशेब चार खान्यांत मांडला. पाटीवर दोन रेघा मारून कोणीही तो मांडू शकतो. पहिला खाना म्हणजे आहे तोच माल, आहे त्याच बाजारात जास्त विकणे. दुसरा, आहे तोच माल नव्या बाजारात नेणे. तिसरा, नवा माल जुन्याच गिऱ्हाइकाला देणे. चौथा, नवा माल आणि बाजारही नवा. पहिल्या खान्यात सगळे ओळखीचे, दुसऱ्या-तिसऱ्यात एक बाजू अनोळखी, चौथ्यात दोन्ही बाजू अंधारात.

हे ऐकायला सोपे आहे. अडचण येते ती आपले पाऊल कोणत्या खान्यात पडते हे ओळखताना. बाजार म्हणजे गाव नव्हे. बाजार म्हणजे गिऱ्हाइकाची सवय. लोणावळ्याच्या एकाच रस्त्यावर मसाल्याचे तीन बाजार आहेत. किराणा दुकानातून शंभर ग्रॅमचे पाकीट नेणारी गृहिणी, पाच किलोची पिशवी मागणारा हॉटेलवाला आणि चिक्कीबरोबर एखादे पाकीट उचलणारा मुंबईचा पर्यटक. गृहिणीला माल पसंत पडला तर ती महिन्याभरात परत येते. पर्यटक कदाचित वर्षाने येईल, त्यामुळे त्याच्या बाबतीत चवीपेक्षा पाकिटाचा देखावा आणि दुकानातली जागा जास्त काम करते. अंतर शंभर पावलांचे असले तरी हा दुसरा खाना आहे.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, एक कारखानदार लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगावच्या १५० दुकानांना माल देतो. दर दुकान महिन्याला सरासरी ४ किलो घेते, म्हणजे एकूण ६०० किलो. पाकिटावर किलोमागे ६० रुपये सुटतात. आता ३० हॉटेले प्रत्येकी २० किलो मिरचीपूड घ्यायला तयार आहेत. म्हणजे आणखी ६०० किलो, विक्री एकदम दुप्पट! पण हॉटेलवाला भाव पाडून मागतो. ३२० रुपये किलोने देऊन २५ रुपयेच सुटतात. महिन्याला मिळाले १५,००० रुपये.

दुसरीकडे त्याच १५० दुकानांतली सरासरी ४ वरून ५ किलोवर नेली तर फक्त १५० किलो जास्त खपतात आणि ९,००० रुपये मिळतात. आकड्यात हॉटेल जिंकले. परंतु दुकानदार पुढच्या फेरीला मागच्या मालाचे पैसे देतो आणि हॉटेलवाला ४५ दिवसांनी. महिन्याची विक्री १ लाख ९२ हजार, म्हणजे कायमचे येणे २ लाख ८८ हजार रुपये. एवढी रक्कम बाहेर अडकवून वर मिरची खरेदीला रोकड कुठून आणायची? ज्यांना व्याजाचा पैसा नको, त्यांनी तर हे आधीच विचारले पाहिजे. शिवाय एखाद्या हॉटेलचा चालक बदलला आणि त्याने हात वर केले तर एका फटक्यात ९,६०० रुपये बुडतात, म्हणजे महिन्याच्या कमाईचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग.

म्हणून आमचा आग्रह असा की पहिला खाना संपल्याशिवाय उठू नये. तो संपला की नाही हे वहीवरून कळते. दुकानवार पाने करा आणि कोण फक्त मिरची घेतो, हळद घेत नाही, हे पाहा. तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला डंकावर कुटून घेतात आणि पाकिटांचा खप आपोआप पडतो. पावसाळ्यात परत आलेली पाकिटे मोजा. लोणावळ्याच्या पावसात पुडीचे गठ्ठे होतात ते बहुधा कच्च्या शिलाईमुळे. बंद पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले तर मशीनची उष्णता किंवा दाब तपासा. परत येणारा माल थांबला तर तेवढी विक्री गिऱ्हाईक न शोधता वाढली.

तिसऱ्या खान्याकडे पुण्याच्या प्रवीण मसालेवाल्यांचे उदाहरण आहे. १९६२ साली सुरू झालेल्या या घराने मसाल्यांबरोबर लोणची आणि तयार मिश्रणेही आणली, आणि ती त्याच स्वयंपाकघरांत गेली जिथे त्यांचा मसाला आधीच होता. छोट्याने हे पाऊल टाकताना मालाचा स्वभाव ओळखावा. कांदा-लसूण मसाल्यात तेल आणि खोबरे असते, त्यामुळे तो मिरचीपुडीसारखा टिकत नाही, खवट होतो. पहिल्या घाण्यातली वीस पाकिटे बाजूला ठेवून दर पंधरा दिवसांनी एक फोडावे. वास बदलेल त्याच्या बऱ्याच आधीची मुदत पाकिटावर छापावी.

निर्यातीला लोक दुसरा खाना समजतात, कारण माल तोच असतो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने एमडीएच आणि एव्हरेस्ट या कंपन्यांच्या मिळून चार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे सांगून विक्री थांबवायला लावली. मसाल्यातले जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू आहे. आपला माल सुरक्षित असल्याचे कंपन्यांनी सांगितले. तरी माल दुकानांतून उतरला तो उतरलाच. परदेशी कायदा जंतू मारण्याची वेगळी पद्धत आणि प्रत्येक खेपेची तपासणी मागत असेल, तर तो माल तुमच्यासाठी नवाच झाला. म्हणजे दुसऱ्या खान्याची पाटी लावलेले हे दार चौथ्यात उघडते. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जिथे ठेच लागते, तिथे कामशेतच्या एका चक्कीवाल्याने उधारीच्या भांडवलावर उडी घेऊ नये.

हॉटेलांचा धंदा मुळीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. तीसऐवजी चार हॉटेले घ्या, उधारी पंधरा दिवसांवर बांधा आणि सहा महिने वसुली पाहा. चार हॉटेलांचे येणे १२,८०० रुपयांच्या आसपास राहील. तेवढे बुडाले तरी चक्की बंद पडणार नाही, आणि पाचवे हॉटेल घ्यायचे की नाही हे तुमची वहीच सांगेल.