‘तेव्हा तुम्हांला काय वाटले?’

माहितीपटासाठी प्रश्नावली करायला शिकवताना आपल्याकडे एक मंत्र घोकून घेतला जातो : ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा प्रश्न विचारू नये. मग विद्यार्थी ‘तुमचे अनुभव सांगा’, ‘तेव्हा तुम्हांला काय वाटले?’ असे ऐसपैस प्रश्न लिहून आणतात आणि ‘फार वाईट दिवस होते’ एवढे वाक्य घेऊन परततात. दोष सांगणाऱ्याला दिला जातो. माझ्या मते दोष मंत्राचा आहे.

क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’ (1985) या साडेनऊ तासांच्या माहितीपटातला अब्राहम बोम्बा यांचा प्रसंग पाहावा. त्रेब्लिंकाच्या छळछावणीत, मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या स्त्रियांचे केस कापण्याचे काम बोम्बांवर लादले गेले होते. लान्झमान त्यांना इस्रायलमधल्या एका भाड्याने घेतलेल्या केशकर्तनालयात उभे करतात, हातात कात्री देतात, आणि विचारतात काय? आरसे होते का? कशाने कापत होता? कसे कापत होता, करून दाखवा. मंत्राच्या कसोटीवर यांतला पहिला प्रश्न सपशेल नापास. तरीही आरसे नव्हते, खुर्च्या नव्हत्या, नुसती बाके होती, असे सांगता सांगता ती खोली उभी राहते.

मध्येच लान्झमान ‘काय वाटले?’ हेही विचारतात. त्यावर बोम्बा सांगतात, की तिथे काही वाटणेच कठीण होते. भावनेच्या प्रश्नाला मिळते ते एवढेच. मात्र लगेच ते आपणहून एका नाभिक मित्राकडे वळतात. त्याची बायको आणि बहीण त्याच खोलीत आल्या होत्या. इथे बोम्बांचा आवाज थांबतो. कॅमेरा थांबत नाही. ही गोष्ट हातांच्या आणि खोलीच्या आठवणीतून वर आली आहे.

पुढे लान्झमान बोलण्याचा आग्रह धरतात, त्यावर निर्दयपणाचा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, परंतु तो आग्रहावरचा आक्षेप आहे. प्रश्नांच्या घडणीला तो लागू होत नाही.

प्रश्न मोकळा की बंद, हा वाद म्हणूनच फोल आहे. तो सांगणाऱ्याला निष्कर्षाकडे ढकलतो की प्रसंगात नेऊन उभा करतो, एवढेच पाहावे. गिरणी कामगाराला ‘1982च्या संपाचा कुटुंबावर काय परिणाम झाला?’ असे विचारणे म्हणजे त्याच्याकडून आपला प्रबंध लिहून घेणे होय. ‘संपानंतरची पहिली पगाराची तारीख आली, त्या दिवशी सकाळी घरात कोण कोण होते? डब्याचे काय झाले?’ असे विचारून गप्प बसावे. उत्तर आधी तुटकच येईल. ‘मग?’ एवढाच पुढचा प्रश्न.

उत्तरात ‘परिस्थिती’, ‘संघर्ष’, ‘त्या काळी’ असे शब्द येऊ लागले, की समजावे : माणूस आठवत नाही, भाषण करतो आहे. आणि ते भाषण आपल्याच प्रश्नाने त्याच्या तोंडी घातले आहे.